हलकी तुळई कशाची? पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि लाकडाचा हिशेब

‘हलके आणि मजबूत हवे असेल तर अ‍ॅल्युमिनियम घ्या,’ असे दुकानदार सांगतो आणि आपल्यालाही ते पटते. पोलाद मजबूत पण जड, लाकूड हलके पण कच्चे आणि अ‍ॅल्युमिनियम या दोघांच्या मधले, अशी एक उतरंड आपल्या मनात पक्की बसलेली असते. तुळईचा हिशेब प्रत्यक्ष मांडला की ही उतरंड कोलमडते. एवढेच नव्हे, तर एकच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला की दर वेळी दुसराच पदार्थ पहिला येतो. हे का होते, ते एका छोट्या तुळईच्या आधाराने पाहू.

माळ्याखाली आडवी टाकायची एक तुळई घ्या. दोन्ही टोके भिंतींवर टेकलेली, मधले अंतर 2 मीटर. बरोबर मध्यावर साधारण 100 किलोचे ओझे येणार आहे. हिशेबासाठी 1000 न्यूटन धरू. अट एकच. या ओझ्याखाली तुळई मधोमध 5 मिलिमीटरपेक्षा जास्त लवता कामा नये. ती पोलादाची करा, अ‍ॅल्युमिनियमची करा किंवा लाकडाची, तिघींचा झोल सारखाच, 5 मिलिमीटर. मग सगळ्यांत हलकी कोणती?

अट मोडण्याची नाही, लवण्याची आहे, हे इथे नीट ध्यानात घ्यायला हवे. बळकटी आणि ताठपणा हे दोन वेगळे गुण आहेत आणि बोलताना आपण त्यांची सतत गल्लत करतो. किती ओझ्याला वस्तू तुटेल किंवा कायमची वाकेल, हे बळकटी सांगते. ओझे असताना ती किती लवेल, हे ताठपणा सांगतो. घरातल्या पुष्कळ तुळया, फळ्या आणि कपाटांचे आडवे तुटत नाहीत. ते लवतात, दारे अडकतात, गिलाव्याला भेगा जातात. आपल्या तुळईतही तसेच आहे. 5 मिलिमीटरची अट पाळणाऱ्या पोलादी तुळईवर जो ताण येतो, तो साध्या पोलादाच्या कायमच्या वाकण्याच्या मर्यादेच्या पाव भागाइतकाही नसतो. म्हणून इथे जास्त बळकट पोलाद आणून काहीच साधत नाही. साधे पोलाद असो की स्प्रिंगचे महागडे पोलाद, दोघांचा ताठपणा जवळजवळ तोच. मिश्रधातू बदलल्याने बळकटी कित्येक पटींनी वाढते, ताठपणा मात्र जागचा हलत नाही, कारण तो अणूंमधल्या बंधांवर ठरतो.

पदार्थाचा हा ताठपणा मोजतात यंगच्या मापांकाने. सूत्रात त्याला E लिहितात. पोलादाचा मापांक 210 गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा 70. लाकडात दोन नमुने घेऊ. एक स्प्रूस, म्हणजे थंड प्रदेशातले हलके सूचिपर्णी लाकूड; आपल्याकडे बाजारात ‘पाइनवूड’ म्हणून जे मिळते त्याचा जवळचा भाऊबंद. दुसरे आपले सागवान. दोघांचाही मापांक, तंतूंच्या दिशेने मोजला तर, 10 गिगापास्कलच्या आसपास असतो. म्हणजे पोलाद लाकडाच्या एकवीसपट ताठ. घनतेत पोलाद घनमीटरला 7850 किलो, अ‍ॅल्युमिनियम 2700, सागवान सुमारे 650 आणि स्प्रूस सुमारे 450. लाकूड झाडागणिक बदलते, त्यामुळे त्याचे आकडे सरासरी समजावेत.

आधी तुळई बाजूला ठेवून एक सोपा प्रश्न सोडवू, कारण खरी गंमत त्यातून उलगडते. समजा, ओझे आडव्या तुळईवर न ठेवता उभ्या सळईला टांगले. आता सळई लवत नाही, ताणली जाते. सगळ्या सळया सारख्याच ताणल्या जाव्यात, तर जो पदार्थ जितका कमी ताठ, तितकी त्याची सळई जाड घ्यावी लागेल. लाकडाची सळई पोलादाच्या एकवीसपट क्षेत्रफळाची. इथे वजन ठरते E आणि घनता ρ यांच्या भागाकारावरून, E/ρ. पोलादाचा हा आकडा येतो 26.8, अ‍ॅल्युमिनियमचा 25.9 आणि स्प्रूसचा 22.2 (घनता घनमीटरला टनांत धरून). पोलादाची सळई 10 किलोची झाली तर अ‍ॅल्युमिनियमची 10.3 किलो आणि स्प्रूसची 12 किलो. जवळजवळ बरोबरी! एवढ्या वेगळ्या तीन पदार्थांनी असे एका रांगेत यावे, हा निसर्गातला एक योगायोग आहे आणि मला तो दर वेळी नव्याने चकित करतो. नुसत्या ताणासाठी अ‍ॅल्युमिनियम घेऊन वजन वाचत नाही. वाचते असे वाटते खरे, कारण ते हातात हलके लागते. पण तेवढाच ताठपणा मिळवायला ते तिप्पट लागते.

आता तुळईकडे परत येऊ. तुळई लवते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधला भाग जवळजवळ निष्क्रिय राहतो. म्हणून तुळईचा ताठपणा छेदात किती पदार्थ आहे एवढ्यावरच ठरत नाही; तो मध्यापासून किती दूर आहे, यावरही ठरतो. छेदाचा हा गुण I या अक्षराने दाखवतात आणि तुळईचा ताठपणा असतो E गुणिले I. चौरस भरीव छेद घेतला तर I हा क्षेत्रफळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. क्षेत्रफळ दुप्पट केले की I चौपट. सगळे रहस्य या एका वाक्यात आहे. जाडी वाढवली की तुळईला दोनदा फायदा होतो. एकदा पदार्थ वाढला म्हणून आणि पुन्हा तो मध्यापासून दूर गेला म्हणून. त्यामुळे लाकूड एकवीसपट कमी ताठ असले, तरी त्याची तुळई पोलादाच्या एकवीसपट क्षेत्रफळाची लागत नाही. एकवीसचे वर्गमूळ, म्हणजे साडेचारपटीच्या थोडे वर, तेवढी पुरते.

म्हणून तुळईसाठी निवडीचा आकडा E/ρ हा उरत नाही, तो होतो √E/ρ. हाच हलक्या ताठ तुळईचा पदार्थ-निर्देशांक. तो जितका मोठा तितकी तुळई हलकी. पोलादासाठी तो 1.85 येतो, अ‍ॅल्युमिनियमसाठी 3.1, सागवानासाठी 4.9 आणि स्प्रूससाठी 7.0. वर्गमुळामुळे ताठपणाची किंमत घटली, घनतेची मात्र पुरी राहिली. हलक्या पदार्थाला मिळालेली ही सवलत सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती लाकडाला.

आता आपल्या 2 मीटरच्या तुळईत आकडे घालू. मधोमध ओझे असलेल्या तुळईचा झोल काढायचे सूत्र पाठ्यपुस्तकात मिळते: FL³/48EI. झोल 5 मिलिमीटर धरला की I किती हवा ते मिळते, आणि त्यावरून चौरसाची बाजू. पोलादाची तुळई 37 मिलिमीटर बाजूची आणि 21.7 किलो वजनाची होते. अ‍ॅल्युमिनियमची 49 मिलिमीटरची, 12.9 किलोची. लाकडाची बाजू जवळपास 80 मिलिमीटर येते. सागवानाची तुळई भरते 8.2 किलो आणि स्प्रूसची अवघी 5.7 किलो. (तुळईच्या स्वतःच्या वजनाने येणारा झोल मी यात धरलेला नाही.) सळईच्या वेळी लाकूड थोडे मागे होते. इथे स्प्रूसने पोलादाला जवळजवळ चौपट मागे टाकले, आणि सागवानासारखे वजनदार लाकूडही अ‍ॅल्युमिनियमच्या पुढे गेले.

असे निर्देशांक काढून पदार्थ निवडण्याची शिस्तबद्ध पद्धत केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल अ‍ॅश्बी यांनी रुळवली. त्यांचे यावरचे पाठ्यपुस्तक 1992 मध्ये आले. एका अक्षावर घनता आणि दुसऱ्यावर यंगचा मापांक घेऊन, दोन्ही मापे दहाच्या पटींत मांडून, ते सगळ्या पदार्थांचा एक नकाशाच काढतात. त्यावर सळईसाठी 1 उताराची रेघ ओढली की पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि लाकूड जवळजवळ एकाच रेघेवर सापडतात. तुळईसाठी रेघेचा उतार 2 होतो, ती जास्त खडी उभी राहते आणि लाकूड तिच्या वरच्या बाजूला निघून जाते. पदार्थ तेच, नकाशाही तोच. बदलते फक्त रेघेचा उतार, आणि तो ठरतो वस्तूला काय काम करायचे आहे यावरून.

लाकूड इतके सरस का, याचे उत्तर त्याच्या आत आहे. लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींची मोळी. पेशीच्या भिंतीचा पदार्थ पाण्यापेक्षा दीडपट जड असतो. मग लाकूड तरंगते कसे? कारण त्यात बराचसा भाग पोकळीचा असतो. तंतूंच्या दिशेने पाहिले तर पोकळी वाढेल तसे वजन आणि ताठपणा साधारण सारख्याच प्रमाणात घटतात. म्हणजे निम्मी पोकळी केली की घनता निम्मी, E निम्मा. सळईच्या हिशेबात त्यातून काही मिळत नाही आणि काही जातही नाही. तुळईत मात्र निम्म्या E साठी क्षेत्रफळ दुप्पट करावे लागत नाही, 1.41 पट पुरते. त्यामुळे वजन उरते सुमारे 71 टक्के. आपल्या पदार्थात पोकळी भरून झाडाने तीस टक्के बचत केली. म्हणूनच बाल्सासारखे, हातात घेतल्यावर कागदासारखे वाटणारे लाकूड या निर्देशांकात स्प्रूसच्याही पुढे जाते. वाऱ्यात उभे राहणाऱ्या झाडाला ताणापेक्षा वाकण्याशी जास्त झगडावे लागते, हे लक्षात घेतले की ही रचना किती नेमकी आहे ते कळते.

या हिशेबाचा सगळ्यांत ठळक दाखला विमानांत मिळतो. ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचे मॉस्किटो हे विमान 25 नोव्हेंबर 1940 रोजी पहिल्यांदा उडाले, तेव्हा जग अ‍ॅल्युमिनियमच्या विमानांकडे वळलेले होते. मॉस्किटो मात्र लाकडाचे होते. पंखातल्या मुख्य तुळयांचे वरचे-खालचे पट्टे स्प्रूसच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेले, धडाची भिंत बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून केलेली. युद्धकाळात धातूची टंचाई होती आणि फर्निचर करणारे कुशल कारागीर हाताशी होते, हेही लाकूड निवडण्यामागचे मोठे कारण होते. पण निर्देशांक लाकडाच्या विरुद्ध असता, तर ती निवड इतक्या वेगवान विमानात टिकली नसती. भिंतीसारख्या रुंद, पातळ पत्र्याला तर घनमूळ लागते, ∛E/ρ, आणि तिथे लाकडाची आघाडी आणखी वाढते.

इथवर वाचून पोलाद कालबाह्य झाले असे वाटेल, पण एक मोठी गोष्ट मी अजून बाजूला ठेवली होती. तिन्ही तुळया भरीव चौरस धरल्या होत्या. 37 मिलिमीटरची भरीव पोलादी दांडी तुळई म्हणून कोण वापरतो? फॅब्रिकेशनवाला चौकोनी एमएस पाइप आणतो. झाड जी युक्ती पेशींमध्ये करते, तीच माणूस पाइप करून मोठ्या मापावर करतो. निष्क्रिय राहणारा मधला पदार्थ काढून टाकायचा आणि उरलेला बाहेर न्यायचा.

मग तोच हिशेब पुन्हा करू. 50 मिलिमीटर बाजूचा, 2.2 मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप 5 मिलिमीटरची अट पाळतो आणि 2 मीटरला त्याचे वजन भरते 6.6 किलो. 21.7 वरून 6.6! सागवानाची भरीव तुळई आता मागे पडली, स्प्रूस जेमतेम पुढे राहिले. अ‍ॅल्युमिनियमचा 70 मिलिमीटर बाजूचा, 2.3 मिलिमीटर जाडीचा पाइप तर 3.4 किलोतच काम करतो आणि सगळ्यांच्या पुढे जातो. दुकानदाराचे म्हणणे इथे खरे ठरते, मात्र ते खरे ठरवतो तो पाइपचा आकार. नुसत्या पदार्थाच्या जोरावर अ‍ॅल्युमिनियम लाकडाला हरवत नाही.

लाकडाचाही पोकळ पेटीसारखा छेद करता येतो. मॉस्किटोच्या पंखात तेच केले होते. पण धातू जितका पातळ ओढता येतो तितके लाकूड येत नाही, ते चिरते आणि जोड वाढतात. धातूच्या पातळपणालाही हद्द आहेच. पाइप जितका रुंद आणि पातळ कराल तितका कागदोपत्री हलका होत जातो, पण एका टप्प्यानंतर वरची, दाबली जाणारी भिंत आतबाहेर सुरकुतते आणि पाइप एकदम बसतो. सूत्र याचा इशारा देत नाही, कारण छेदाचा आकार शेवटपर्यंत टिकेल असे ते गृहीत धरते. ओझ्याच्या जागी पाइपच्या वरच्या पत्र्यावर हलकी लाट किंवा खोलगटपणा दिसू लागला, तर तो या बिघाडाची सुरुवात समजावी आणि ओझे लगेच उतरवावे. साध्या पोलादापेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा मापांक तिसरा हिस्सा असल्यामुळे तेवढ्याच पातळ भिंतीत ते लवकर सुरकुतते.

दुसरी अडचण जागेची. वरच्या सगळ्या हिशेबांत तुळईला हवे तितके जाड होऊ दिले होते. पण समजा, छताखाली फक्त 50 मिलिमीटर उंची मिळणार आहे. उंची बांधली गेली की तुळई फक्त रुंद होऊ शकते. रुंदी दुप्पट केली तर I दुप्पटच होतो, चौपट नाही. वर्गमूळ गेले आणि आपण परत सळईच्या E/ρ वर आलो. भरीव छेदांत पोलादाची तुळई 15 मिलिमीटर रुंद आणि 12 किलोची होते, अ‍ॅल्युमिनियमची 46 मिलिमीटर रुंद आणि 12.3 किलोची. स्प्रूसची होते 320 मिलिमीटर रुंद, म्हणजे तुळई न राहता फळीच, आणि वजन 14.4 किलो. लाकूड आता शेवटी. जुन्या वाड्यांत सागवानी तुळया ऐसपैस खोल होत्या, कारण छताला उंची भरपूर होती. आजच्या फ्लॅटमध्ये माळ्याला इंच इंच मोजून जागा द्यायची असते आणि तिथे पाइप येतो, तो केवळ स्वस्ताईमुळे नव्हे. म्हणून निर्देशांक वापरण्याआधी आपल्या तुळईचे कोणते माप मोकळे आहे आणि कोणते बांधलेले, हे विचारायलाच हवे. तेवढ्या एका उत्तरावर क्रम उलटतो.

लाकडाबद्दल निर्देशांक आणखीही काही गोष्टी सांगत नाही. 10 गिगापास्कल हा आकडा तंतूंच्या दिशेचा. आडव्या दिशेने तो दहावा-विसावा हिस्सा उरतो. तंतू तिरके गेलेले असतील किंवा मधोमध खालच्या अंगाला मोठी गाठ असेल, तर तुळई हिशेबापेक्षा जास्त लवते. ओझे टाकण्याआधी लाकडाच्या कडेवरच्या रेषा पाहाव्यात. त्या तुळईला समांतर न जाता कडेबाहेर निघून जात असतील, तर ते लाकूड तुळईला घेऊ नये. ओलाव्यानेही ताठपणा कमी होतो, आणि जोड सरसाचे असतील तर ओलावा त्यांनाही गाठतो. मॉस्किटोला हे हिंदुस्थानातच भोगावे लागले. 1944 च्या अखेरीस इथल्या उष्ण, दमट हवेत काही विमाने हवेतच मोडली, उड्डाणे थांबवावी लागली आणि चौकशीत लाकडाच्या चिकटवलेल्या जोडांमधल्या उणिवा पुढे आल्या. तुळईतले लाकूड ताठ होते. दगा दिला तो जोडांनी.

शेवटची गोष्ट काळाची. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम घरातल्या तापमानाला आज जितके लवतात, तितकेच दहा वर्षांनीही. लाकूड मात्र कायमच्या ओझ्याखाली हळूहळू अधिक लवत जाते. कोरड्या, बंद जागेतल्या लाकडासाठी युरोपीय बांधकाम नियम ही वाढ मूळ झोलाच्या 0.6 पट धरायला सांगतात; दमट जागेत ती आणखी जास्त. म्हणजे माळ्यावर ट्रंका कायमच्या ठेवायच्या असतील, तर आज 5 मिलिमीटर लवलेली लाकडी तुळई काही वर्षांनी 8 मिलिमीटरवर जाते. ती शेवटपर्यंत 5 वर ठेवायची तर हिशेबात E ला 1.6 ने भागून घ्यावे लागते. चौरसाची बाजू मग 80 ऐवजी 89 मिलिमीटर होते, स्प्रूसची तुळई 7.2 किलोवर जाते आणि सागवानाची 10.4 वर. भरीव अ‍ॅल्युमिनियमपेक्षा दोन्ही अजूनही हलक्या. पण कायमचे ओझे असेल तर 6.6 किलोचा पोलादी पाइप आता स्प्रूसच्याही पुढे गेलेला असतो.